दोन तारांची अदलाबदल : मोटर उलट का फिरते आणि घरचा पंखा का फिरत नाही

वसतिशाळेत पाण्याचे वेळापत्रक हे घंटेच्या वेळापत्रकाइतकेच काटेकोर असते. पहाटे मुले उठण्यापूर्वी टाकी भरलेली नसेल, तर स्नान, स्वयंपाक आणि वर्ग या तिन्हींचे गणित बिघडते. या वेळापत्रकाचा भार विहिरीवरील एका मोटरीवर असतो आणि ती मोटर बंद पडली तर ते सर्वांच्या तत्काळ लक्षात येते. परंतु ती चालू असूनही चुकीच्या दिशेने फिरत असेल, तर ते पुष्कळदा दोन-दोन दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही. आवाज नेहमीचाच, दिवे नेहमीचेच, पाणीही थोडेफार येतच असते. या लेखात आम्ही याच दोषाची मीमांसा करणार आहोत. मोटरीची दिशा नेमकी कशाने ठरते, तीन फेजच्या मोटरीत केवळ दोन तारा बदलल्याने ती का उलटते आणि घरातील पंख्याच्या किंवा चक्कीच्या सिंगल फेज मोटरीला तोच उपाय का लागू पडत नाही, हे क्रमाने पाहू.

रोटरला स्वतःची दिशा नसते

पंपावर, चक्कीवर, कडबा कुट्टीवर जी मोटर असते, ती बहुतेक वेळा इंडक्शन मोटर असते. तिचे दोन भाग. बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. त्याच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, म्हणजेच वाइंडिंग, बसवलेल्या असतात. आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर. रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या जाड सळया असतात आणि त्या दोन्ही टोकांना कड्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. पिंजऱ्यासारखी ही रचना. विशेष हे की, बाहेरून येणारी एकही तार या रोटरला जोडलेली नसते. वीज फक्त स्टेटरला मिळते.

मग रोटर फिरतो कसा? स्टेटरमधील चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागले की ते रोटरच्या सळयांवरून सरकत जाते. सळयांमध्ये त्यामुळे प्रवाह निर्माण होतो. या प्रवाहावर फिरत्या क्षेत्राचे बल कार्य करते आणि रोटर क्षेत्राच्या मागे ओढला जातो. तो क्षेत्राला कधीही पूर्णपणे गाठत नाही, कारण गाठले तर सळयांवरून क्षेत्र सरकणे थांबेल, प्रवाह थांबेल आणि ओढही थांबेल. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. चार पोलच्या मोटरीत या विजेचे क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेते आणि रोटर साधारण 1440 फेरे घेतो. हे साठ फेऱ्यांचे मागे राहणेच त्याच्या बळाचे कारण आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. रोटरला स्वतःची अशी दिशा नसते. क्षेत्र ज्या दिशेने फिरेल, त्या दिशेने तो जातो. म्हणून मोटर उलटवायची असेल, तर रोटरला काही करावे लागत नाही. क्षेत्र उलट फिरवावे लागते.

तीन फेज आणि तीन विद्यार्थी

तीन फेजच्या मोटरीत स्टेटरच्या गुंडाळ्यांचे तीन गट परिघावर समान अंतराने बसवलेले असतात. तीन तारांतून येणारी वीजही एकाच क्षणी शिखरावर पोहोचत नाही. प्रथम लाल तारेतील प्रवाह शिखर गाठतो, त्यानंतर एका सेकंदाच्या दीडशेव्या भागाने पिवळ्या तारेतील, पुन्हा तितक्याच अंतराने निळ्या तारेतील आणि मग पुन्हा लाल. या क्रमाला फेजचा क्रम म्हणतात.

हे समजण्यासाठी मैदानावर एक वर्तुळ आखून त्यावर समान अंतराने तीन विद्यार्थी उभे करावेत. घड्याळाच्या दिशेने पाहता पहिल्याच्या हाती लाल चिठ्ठी, दुसऱ्याच्या हाती पिवळी, तिसऱ्याच्या हाती निळी. मधोमध उभ्या असलेल्या शिक्षकांनी एकसारख्या ठेक्यात ‘लाल, पिवळा, निळा’ असे पुकारत जावे आणि ज्याची चिठ्ठी पुकारली जाईल त्याने हात वर करावा. दुरून पाहणाऱ्याला वर केलेला हात घड्याळाच्या दिशेने गोल फिरताना दिसेल. प्रत्यक्षात कोणीही जागचे हललेले नसते. फिरतो तो क्रम. स्टेटरमधील क्षेत्र फिरते ते अगदी याच अर्थाने.

आता दुसऱ्या व तिसऱ्या विद्यार्थ्याने आपापसात चिठ्ठ्या बदलाव्यात. शिक्षकांनी पुकारण्याचा क्रम तोच ठेवावा. या वेळी पहिल्यानंतर तिसरा हात वर करील, मग दुसरा. पाहणाऱ्याला हात उलट फिरताना दिसेल. तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केल्याने मोटर उलटते, ती एवढ्याच कारणाने.

परंतु तिघांनीही आपली चिठ्ठी शेजाऱ्याकडे सरकवली तर? तर सुरुवात दुसऱ्या विद्यार्थ्यापासून होईल, पण फिरण्याची दिशा तीच राहील. तीन तारा तीन खुंट्यांना जोडण्याच्या एकूण सहा रीती आहेत. त्यांपैकी तीन रीतींत मोटर सुलट फिरते आणि उरलेल्या तिन्हींत उलट. म्हणून ‘तिन्ही तारा बदलून पाहिल्या, तरी फरक पडला नाही’ असे कोणी सांगितले, तर त्यात आश्चर्य मानू नये. तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकल्या असतील, तर फरक पडणारच नाही. बदल नेमका दोन तारांचा हवा आणि तिसरी जागेवरच राहिली पाहिजे.

रोहित्र बदलल्यानंतरचा पंप

आता एक प्रत्यक्ष प्रसंग तपशिलाने पाहू. समजा, एका वसतिशाळेच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचा तीन फेजचा पंप आहे. दहा हजार लिटरची टाकी भरण्यास त्याला पन्नास मिनिटे लागतात, म्हणजे तो मिनिटाला दोनशे लिटर पाणी देतो. पावसाळ्यात गावचे रोहित्र, ज्याला सर्वजण डीपी म्हणतात, जळाले आणि चार दिवसांनी नवे बसवले. वीज आली, मोटर सुरू झाली. मात्र दीड तास झाला तरी टाकी निम्मीही भरत नाही.

अशा वेळी संशय प्रथम विहिरीच्या पातळीवर जातो, मग फूट व्हॉल्व्हवर, मग पंपाच्या पंख्यावर, म्हणजे इंपेलरवर. पंप उघडला जातो, मजुरी दिली जाते आणि दोष मात्र सापडत नाही. कारण दोष पंपात नसतोच. रोहित्रावर तारा नव्याने जोडताना दोन फेजची जागा बदललेली असते आणि त्यामुळे मोटर उलट फिरत असते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेंट्रिफ्यूगल पंप उलट फिरला, तर तो पाणी विहिरीत परत ढकलत नाही. पाणी नळीतून वरच येते, परंतु इंपेलरच्या पात्यांचा कल प्रतिकूल असल्यामुळे दाब व प्रमाण दोन्ही घटतात. टाकी उंचावर असेल, तर पाणी तेथवर पोहोचतही नाही. ‘पाणी येते आहे, त्या अर्थी दिशा बरोबर असणार’ हे अनुमान म्हणूनच फसवे आहे. काही पंपांत इंपेलर दांड्यावर आट्यांनी बसवलेला असतो. तो उलट फिरताना सैल होऊन निसटण्याचाही धोका असतो.

दिशा तपासण्याची रीत सोपी आहे. पंपाच्या अंगावर बाणाची खूण ओतलेली किंवा रंगवलेली असते. मोटर क्षणभर सुरू करून लगेच बंद करावी आणि थांबत येताना दांडा किंवा मागचा पंखा कोणत्या बाजूने फिरतो ते जाळीच्या बाहेरून पाहावे. बोअरच्या आत सोडलेल्या सबमर्सिबल पंपाचा दांडा दिसत नाही. तेथे दोन्ही जोडण्यांनी थोडा वेळ चालवून ज्या जोडणीत पाणी व दाब अधिक, ती योग्य मानतात.

दिशा उलट आढळली, तर जाणत्या वायरमनने मुख्य स्विच बंद करून, फ्यूज काढून आणि तारांत वीज नाही याची टेस्टरने खात्री करून दोन तारांची अदलाबदल करावी. ती कोठे करावी, यालाही महत्त्व आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मोटरीकडे सहा तारा जातात. त्यांतील कोणत्याही दोन बदलल्या, तर जोडणीच बिघडून मोटर जळू शकते. म्हणून बदल स्टार्टरकडे येणाऱ्या तीन तारांपैकी दोनांत करणे सुरक्षित. आणखी एक कारण असे की, पुष्कळ स्टार्टरांत फेज तपासणारे उपकरण असते आणि ते क्रम उलटा आढळल्यास मोटर सुरूच होऊ देत नाही. या उपकरणाला येणारा क्रम दिसतो. मोटरीकडील तारा कितीही बदलल्या, तरी त्याची हरकत कायम राहते.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. रोहित्र बदलल्यावर एकट्या शाळेचा पंप उलटला की त्याच रोहित्रावरील सर्वांचे उलटले, याची चौकशी आधी करावी. सर्वांचे उलटले असतील, तर दोष रोहित्रावर आहे आणि दुरुस्तीही तेथेच व्हायला हवी. प्रत्येकाने आपापल्या स्टार्टरमध्ये तारा बदलल्या आणि आठवड्याने वीज कर्मचाऱ्यांनी रोहित्रावरील क्रम सुधारला, तर ज्यांनी ज्यांनी बदल केला होता, त्या सर्वांचे पंप पुन्हा उलट फिरू लागतील.

एक फेज गेली की

याच तीन फेजच्या मोटरीचा एक फ्यूज उडाला, असे समजू. मोटर थांबलेली असताना बटण दाबले, तर ती केवळ गुणगुणते आणि फिरत नाही. मात्र ती चालू असताना फ्यूज उडाला, तर पुष्कळदा ती चालतच राहते. उरलेल्या तारांवर सुमारे पावणेदोन पट प्रवाहाचा भार येतो आणि वेळीच बंद न केल्यास गुंडाळ्या जळतात. येथे विचार करण्याजोगा प्रश्न असा की, चालती मोटर चालत राहते, मग थांबलेली का सुरू होत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच सिंगल फेज मोटरीचे रहस्य. एक तार गेल्यानंतर तीन फेजची मोटर सिंगल फेजचीच झालेली असते.

सिंगल फेजमध्ये प्रवाहाचा मार्ग एकच. त्याचे क्षेत्र एका क्षणी, समजा, उत्तरेकडे जोर धरते, मग शून्यावर येते, मग दक्षिणेकडे जोर धरते आणि पुन्हा शून्यावर येते. ते एका रेषेवर मागेपुढे होते, गोल फिरत नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे ते पूर्वेच्या बाजूने गेले की पश्चिमेच्या, या प्रश्नाला अर्थच नाही. गणिताने पाहता, असे मागेपुढे होणारे क्षेत्र म्हणजे समान बळाच्या, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन क्षेत्रांची बेरीज असते. रोटर स्थिर असताना दोन्ही क्षेत्रे त्याला सारख्याच बळाने दोन बाजूंना ओढतात. परिणाम शून्य. ऐकू येते ती फक्त गुणगुण.

पण रोटरला कोणत्याही एका बाजूने गती मिळाली की समतोल मोडतो. 1440 फेऱ्यांनी फिरणारा रोटर आपल्या दिशेच्या क्षेत्राच्या अवघे साठ फेरे मागे असतो, तर उलट क्षेत्र त्याच्यावरून 2940 फेऱ्यांच्या वेगाने सरकत असते. इतक्या वेगाने सरकणाऱ्या क्षेत्राची पकड दुबळी पडते आणि अनुकूल क्षेत्र वरचढ ठरते. घरचा छताचा पंखा सुरू होत नसेल आणि काठीने हलकेच ढकलल्यावर फिरू लागत असेल, तर तो हेच तत्त्व दाखवत असतो. अशा पंख्याचा कपॅसिटर बहुधा गेलेला असतो. त्याला ज्या बाजूने ढकलावे, त्या बाजूने तो चालू लागतो.

दुसऱ्या गुंडाळीची योजना

सिंगल फेज मोटरला सुरुवात आणि दिशा द्यायची, तर दुसरे, थोडे आधी किंवा नंतर शिखर गाठणारे क्षेत्र निर्माण करावे लागते. येथे इतिहासाचा एक धागा सांगितला पाहिजे. 1888 साली इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनी तुरीन येथे आणि निकोला टेस्ला यांनी अमेरिकेत फिरत्या क्षेत्राची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. तिच्या मुळाशी काटकोनात ठेवलेल्या दोन गुंडाळ्या आणि मागेपुढे असलेले दोन प्रवाह होते. तीन फेजची पिंजरा-मोटर मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी त्यानंतर 1889 साली जर्मनीत घडवली. आपल्या पंख्यातील योजना त्या जुन्या दोन गुंडाळ्यांचीच आहे. मुख्य गुंडाळीच्या काटकोनात एक सहायक गुंडाळी असते आणि तिच्या मार्गात कपॅसिटर बसवलेला असतो. कपॅसिटरमुळे सहायक गुंडाळीतील प्रवाह मुख्य प्रवाहाच्या आधी शिखर गाठतो.

दिशांच्या भाषेत पाहू. मुख्य गुंडाळी उत्तर-दक्षिण आणि सहायक गुंडाळी पूर्व-पश्चिम आहे. सहायक आधी असल्यामुळे क्षेत्र प्रथम पूर्वेकडे, मग मुख्य गुंडाळीमुळे उत्तरेकडे, मग पश्चिमेकडे आणि शेवटी दक्षिणेकडे जाते. म्हणजे ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते.

आता भिंतीच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, तर काय होईल? दोन्ही गुंडाळ्यांतील प्रवाह एकाच वेळी उलटतील. क्रम पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर असा होईल. कागदावर बाण काढून पाहावे. हा क्रमही घड्याळाच्या उलट दिशेचाच आहे. म्हणून पुरवठ्याच्या दोन तारा बदलून सिंगल फेज मोटर कधीही उलटत नाही. याउलट, केवळ सहायक गुंडाळीची दोन टोके बदलली, तर क्रम पश्चिम, उत्तर, पूर्व, दक्षिण असा होतो आणि मोटर घड्याळाच्या दिशेने फिरू लागते. सहायकऐवजी केवळ मुख्य गुंडाळीची टोके बदलली, तरी तेच घडते. नियम इतकाच : दोहोंपैकी एक उलटवा, दोन्ही नको.

व्यवहारात यालाही मर्यादा आहेत. ज्या मोटरीच्या पेटीत दोन्ही गुंडाळ्यांची चारही टोके बाहेर काढलेली असतात, तेथे बदल पट्ट्या किंवा तारा हलवून होतो. जेथे तीनच टोके बाहेर असतात, तेथे आतला सांधा सोडवावा लागतो आणि ते काम वाइंडिंग करणाऱ्या कारागिराचेच. कपडे धुण्याच्या यंत्रात दोन्ही गुंडाळ्या सारख्याच असतात. तेथे टायमर पुरवठा कपॅसिटरच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेतो, त्यामुळे सहायक गुंडाळी मुख्य बनते, मुख्य सहायक बनते आणि ड्रम उलट फिरतो. चक्कीच्या काही मोटरींत सहायक गुंडाळी फक्त सुरुवातीपुरतीच असते. वेग पुरेसा वाढला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच तिला वेगळे करतो आणि मोटर थांबत आल्यावर ‘टक्’ असा आवाज करून पुन्हा जोडतो. अशी मोटर चालू असताना सहायकची जोडणी बदलूनही दिशा बदलत नाही. ती पूर्ण थांबवूनच बदलावी लागते. लहान एक्झॉस्ट पंख्यांच्या काही मोटरींत तर कपॅसिटरही नसतो. पोलच्या एका कोपऱ्यावर बसवलेले तांब्याचे कडे तेथील क्षेत्राला विलंब लावते आणि क्षेत्र नेहमी कड्याच्या दिशेनेच सरकते. तेथे तारा बदलण्याजोगे काही नसते. रोटर काढून स्टेटरमध्ये उलट बाजूने बसवणे, एवढाच मार्ग उरतो.

कपॅसिटरबाबत एक सावधगिरी. वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो. त्याच्या टोकांना हात लावण्यापूर्वी वायरमन तो भार योग्य रोधातून उतरवून घेतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची प्रथा सोडून द्यावी.

शेवटी एक छोटी सूचना. मोटर सुलट फिरत असतानाच स्टार्टरमधील प्रत्येक तारेला रंगीत टेपची खूण करावी, जोडणीचा क्रम कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा आणि पंपावरील पुसट झालेला बाण पुन्हा रंगवावा. टाकी भरण्यास किती मिनिटे लागतात, हेही त्याच कागदावर लिहावे. पुढे कधी रोहित्र बदलले, तर पहिल्याच सकाळी हा आकडा ताडून पाहावा. पन्नास मिनिटांची टाकी दीड तासात भरत नसेल, तर पंप उघडण्यापूर्वी बाणाकडे पाहावे.